विश्वकिरणांचा उगम: पेटापर्यंत नेणारा कोण?

विश्वकिरण कुठून येतात, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांत एका ओळीचं उत्तर असतं: फुटलेल्या ताऱ्यांपासून, म्हणजे सुपरनोव्हांपासून. हे उत्तर चुकीचं नाही. पण ते ज्या खात्रीने दिलं जातं, तेवढं ते सिद्धही झालेलं नाही. त्यातला कोणता भाग पक्का आणि कोणता कच्चा, हे तपासायचं तर आधी हे कण आपल्याला दिसतात कसे ते पाहावं लागतं. कारण अंतराळातून निघालेला मूळ कण जमिनीपर्यंत जवळजवळ कधीच पोहोचत नाही. पोहोचतो तो त्याने हवेत घडवलेला दुसऱ्या कणांचा वर्षाव.

नाव किरण असलं तरी हे प्रामुख्याने कण आहेत. साधारण दहातले नऊ प्रोटॉन, उरलेल्यांत बहुतेक हेलियमची अणुकेंद्रं आणि थोडी त्याहून जड, लोखंडापर्यंतची. ७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेला, तेव्हा त्याच्या विद्युतमापींनी तिथे हवेचं आयनीभवन जमिनीवरच्या दुपटीहून जास्त दाखवलं. किरणोत्सार जमिनीतून येत असता तर वर जाताना तो कमी व्हायला हवा होता. त्याच वर्षी एप्रिलमधल्या सूर्यग्रहणातही हेसने उड्डाण केलं होतं आणि चंद्र सूर्याला झाकत असताना आयनीभवनात घट दिसली नव्हती, म्हणून सूर्य हा मुख्य उगम नाही हेही त्याने तेव्हाच सांगितलं. उगम बाहेर आहे आणि तो सूर्य नाही, एवढं त्या एका वर्षात कळलं. पुढचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही.

तो का सुटत नाही, याचं कारण सोपं आहे. विद्युतभार असलेला कण चुंबकीय क्षेत्रात वळतो, आणि आपल्या आकाशगंगेत सगळीकडे चुंबकीय क्षेत्र पसरलेलं आहे. ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या भागाएवढंच असेल, पण अंतरं अफाट आहेत. एक पेटा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दहा लाख अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचा प्रोटॉन घ्या. यापुढे या एककाला मी नुसतं पेटा म्हणेन. सर्नच्या यंत्रात प्रोटॉनला जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या सुमारे दीडशे पट ही ऊर्जा आहे. इतका वेगवान प्रोटॉनसुद्धा आकाशगंगेच्या क्षेत्रात प्रकाशवर्षभराहून जरा मोठ्या त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. आकाशगंगेची तबकडी हजारेक प्रकाशवर्षं जाड आहे. म्हणजे इथे पोहोचेपर्यंत तो असंख्य वेळा वळलेला असतो. त्याची दिशा मागे वाढवत नेऊन 'तो त्या ताऱ्याकडून आला' असं म्हणणं निरर्थक आहे. आकाशात सगळीकडून हे कण जवळपास सारख्याच प्रमाणात येताना दिसतात, ते यामुळेच.

आता हा एक पेटाचा प्रोटॉन वातावरणात शिरतो तेव्हा काय होतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोहून थोडी जास्त हवा उभी असते, म्हणजे दहा मीटर पाण्याइतकं वजन. यातली साठेक ग्रॅम हवा ओलांडली की या प्रोटॉनची नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्राशी टक्कर होण्याची वेळ येते. उंचीच्या भाषेत हे ठिकाण सरासरीने वीसेक किलोमीटरवर असतं. टकरीतून कितीतरी नवे कण बाहेर पडतात आणि त्यांत पायॉन सर्वांत जास्त असतात. पुढची सगळी गोष्ट या पायॉनांच्या दोन जातींवर अवलंबून आहे.

उदासीन पायॉन जन्मताच फुटतो आणि त्याचे दोन गॅमा किरण होतात. गॅमा किरणापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी होते, ते दोघे हवेतल्या अणुकेंद्रांजवळून जाताना पुन्हा गॅमा किरण सोडतात, त्यातून पुन्हा जोड्या. प्रत्येक पायरीला कणांची संख्या वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा घटते. ती साडेआठ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आली की नवे कण निर्माण होण्यापेक्षा असलेले कण हवेत ऊर्जा गमावून थांबण्याचा वेग जास्त होतो आणि वर्षाव ओसरू लागतो. या साखळीचं गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं. आपल्या एक पेटाच्या प्रोटॉनाचा वर्षाव साधारण पाच किलोमीटर उंचीवर ऐन भरात असतो आणि तेव्हा त्यात लाखो कण असतात.

विद्युतभारित पायॉनांचं तसं नाही. ते सेकंदाच्या कोट्यंशाच्या हिशोबात का होईना, थोडे टिकतात. ऊर्जा खूप असेल तर फुटण्याआधीच पुढच्या अणुकेंद्रावर आदळून नवे पायॉन निर्माण करतात, आणि ऊर्जा उतरली की फुटून म्युऑन होतात. म्युऑन इलेक्ट्रॉनपेक्षा दोनशे पट जड, त्यामुळे हवेत तो सहज अडत नाही. त्याचं आयुष्य मात्र सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीएवढं. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही साडेसहाशे मीटरच कापता येतील. तरीही तो पंधरा किलोमीटरवरून खाली येतो, कारण वेगवान कणाचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंदावतं. चार अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या म्युऑनचं आयुष्य आपल्याला अडतीसपट लांबलेलं दिसतं आणि तो पंचवीस किलोमीटरही जाऊ शकतो. अशा कणांच्या फुटण्याच्या वेळेवरून सापेक्षतेची सरळ परीक्षा घेता येईल, असं भाभांनी १९३८ मध्ये सुचवलं होतं. आज समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एक म्युऑन उतरतो. हे वाचताना उघड्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातो आहे.

मूळ कणाबद्दलची माहिती या दोन प्रवाहांच्या प्रमाणात दडलेली असते. इलेक्ट्रॉन आणि गॅमा यांचा भाग बराचसा ऊर्जा सांगतो. म्युऑन कणाची जात सांगतात. लोखंडाच्या अणुकेंद्रात छप्पन्न न्यूक्लिऑन असतात. एकूण ऊर्जा एक पेटा असेल तर ती छप्पन्न ठिकाणी विभागलेली असते, म्हणून लोखंडाचा वर्षाव वर, लवकर सुरू होतो, लवकर ओसरतो आणि त्यात प्रोटॉनच्या वर्षावापेक्षा दीडपट म्युऑन असतात. मूळ कण गॅमा किरण असेल तर पायॉन फारसे तयारच होत नाहीत आणि म्युऑन अगदी तुरळक असतात.

हे मोजण्याची जागा आपल्याकडे उटीला आहे. समुद्रसपाटीपासून २२०० मीटरवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग चालतो. सुमारे चारशे डिटेक्टर एकमेकांपासून आठ-आठ मीटरवर मांडलेले आहेत. प्रत्येकात एक चौरस मीटर सिंटिलेटर प्लास्टिक आहे, आणि कण त्यातून गेला की प्रकाशाची ठिणगी नोंदवली जाते. शेजारीच काँक्रीटच्या जाड थराखाली ५६० चौरस मीटरचा म्युऑन डिटेक्टर आहे. काँक्रीट इलेक्ट्रॉनांना अडवतं आणि एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरच्या म्युऑनांना जाऊ देतं. अशा रीतीने एकाच वर्षावातले दोन्ही प्रवाह वेगळे मोजता येतात.

वर्षावाची दिशा कळते ती वेळेवरून. कणांचा थर काही मीटर जाडीचा, पसरट तबकडीसारखा असतो आणि प्रकाशाच्या वेगाने खाली येतो. तो डोक्यावरून सरळ आला तर सगळे डिटेक्टर जवळजवळ एकाच वेळी वाजतील. तीस अंश तिरका आला तर आठ मीटरवरच्या शेजाऱ्याकडे पोहोचायला त्याला चार मीटर जादा कापावे लागतील, म्हणजे तेरा नॅनोसेकंदांचा फरक. एवढा फरक शेकडो डिटेक्टरांवर नीट मोजला की दिशा अंशाच्या काही भागापर्यंत ठरते. मात्र केबलची लांबी किंवा इलेक्ट्रॉनिक्समधला एखादा विलंब चुकला की सगळं आकाश सरकलेलं दिसेल. ते सरकलं आहे की नाही हे कसं ओळखायचं? चंद्राने. चंद्र विश्वकिरण अडवतो, त्यामुळे अर्धा अंश रुंदीच्या त्याच्या बिंबामागून वर्षाव कमी यायला हवेत. कित्येक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की आकाशात ती सावली उमटते. ती चंद्राच्या जागी आणि चंद्राएवढी दिसली तर मापन बरोबर. सरकलेली दिसली तर घड्याळं तपासायची, पसरट दिसली तर दिशेची अचूकता आपण समजत होतो त्यापेक्षा कमी आहे हे मान्य करायचं. ग्रेप्स-३ने ही परीक्षा दिली आहे. या क्षेत्रात मला सर्वांत आवडणारी पडताळणी हीच, कारण तिला कुठल्याही सिद्धांताचा आधार लागत नाही.

ऊर्जा आणि जात ठरवताना मात्र सिद्धांताचा आधार घ्यावाच लागतो, आणि तिथे अडचण आहे. एकाच ऊर्जेचे दोन प्रोटॉन वेगवेगळ्या उंचीवर पहिली टक्कर देतात. खोल जाऊन फुटलेल्या प्रोटॉनाचा वर्षाव जमिनीवर जास्त ऊर्जेचा भासतो, लवकर फुटलेल्याचा कमी ऊर्जेचा, कधी तर एखाद्या जड अणुकेंद्राचा. म्हणून एकेका वर्षावाबद्दल कोणी छातीठोकपणे 'हा प्रोटॉन होता' म्हणत नाही. लाखो वर्षावांची संगणकावर केलेल्या बनावट वर्षावांशी तुलना होते आणि उत्तर टक्केवारीत मिळतं. बनावट वर्षाव ज्या नियमांवर चालतात ते सर्नसारख्या यंत्रांत तपासलेले असतात, पण तिथल्यापेक्षा खूप मोठ्या ऊर्जेपर्यंत ताणलेले. फार मोठ्या ऊर्जेच्या वर्षावांत प्रत्यक्ष म्युऑन हिशोबापेक्षा बरेच जास्त भरतात. ही तफावत बरीच वर्षं मिटलेली नाही. जातीचा निकाल म्युऑनांवर अवलंबून असल्याने ती किरकोळ समजून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुपरनोव्हाच्या बाजूने पहिला पुरावा जमाखर्चाचा आहे. विश्वकिरणांत लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही हलकी मूलद्रव्यं ताऱ्यांतल्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतात. जड अणुकेंद्रं वाटेत आंतरतारकीय वायूवर आपटून फुटल्याने ती तयार होतात. ती किती आहेत यावरून कणांनी वाटेत किती वायू ओलांडला ते कळतं, आणि त्यांतलं किरणोत्सारी बेरिलियम किती शिल्लक आहे यावरून त्यांना किती काळ लागला तेही कळतं. हा काळ कोटी वर्षांच्या घरात येतो. म्हणजे आकाशगंगेतून विश्वकिरण सतत गळत असतात आणि तेवढीच भर कोणीतरी घालत असतं. शतकात दोन-तीन सुपरनोव्हा होतात असं धरलं आणि प्रत्येकाच्या स्फोटातल्या गतिज ऊर्जेचा दहावा भाग कणांना मिळतो असं मानलं, तर हिशोब जुळतो. आकाशगंगेत एवढी ऊर्जा पुरवू शकणारं दुसरं काही सहज सापडत नाही.

दुसरा पुरावा यंत्रणेचा. फुटलेल्या ताऱ्याचं द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरतं आणि समोरच्या वायूत आघाताची लाट उठवतं. चुंबकीय गोंधळात अडकलेला कण या लाटेच्या अलीकडे-पलीकडे ये-जा करत राहतो आणि प्रत्येक फेरीला त्याची ऊर्जा टक्काभर वाढते. हे चक्रवाढ व्याज आहे. एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून एक पेटापर्यंत, म्हणजे दहा लाख पट, जायला अशा चौदाशे फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरीत काही कण निसटून जातात, म्हणून जास्त ऊर्जेचे कण कमी आणि कमी ऊर्जेचे जास्त, असं प्रमाण आपोआप बनतं, आणि मोजलेल्या प्रमाणाशी ते बऱ्यापैकी जुळतं. कल्पनेचं बीज एन्रिको फर्मीच्या १९४९ च्या लेखात आहे. आघात-लाटेचं हे रूप १९७७-७८ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधलं.

तिसरा पुरावा प्रत्यक्ष दर्शनाचा, आणि तो सर्वांत उशिरा आला. प्रोटॉन वाकतात, पण त्यांनी जवळच्या वायूवर आदळून निर्माण केलेले उदासीन पायॉन फुटले की निघणारे गॅमा किरण सरळ येतात. अशा गॅमांची खूण विशिष्ट आहे: पायॉनच्या वस्तुमानामुळे एका ठरावीक ऊर्जेच्या खाली त्यांची संख्या झपाट्याने घसरते. इलेक्ट्रॉनांनी निर्माण केलेल्या गॅमांत ही घसरण नसते. फर्मी उपग्रहाच्या गटाने २०१३ मध्ये आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन सुपरनोव्हा-अवशेषांत ही घसरण दाखवली. त्या दिवसापासून सुपरनोव्हांत प्रोटॉन प्रवेगित होतात हे अनुमान न राहता निरीक्षण झालं.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथवर पक्कं आहे. कच्चा भाग याच्या पुढे, पेटाच्या आसपास सुरू होतो.

ऊर्जा वाढेल तशी विश्वकिरणांची संख्या एका ठरावीक दराने घटते. तीनेक पेटापाशी ही घट एकदम तीव्र होते. आलेखात दिसणाऱ्या या वाकाला सगळे 'गुडघा' म्हणतात. १९५८ मध्ये मॉस्कोच्या कुलिकोव्ह आणि ख्रिस्तियान्सेन यांनी तो प्रथम दाखवला. गुडघ्यापाशी वर्षाला चौरस मीटरमागे एखादाच कण येतो. नेहमीचा खुलासा असा, की आकाशगंगेतल्या प्रवेगकांची ताकद इथे संपते, आधी प्रोटॉनांची आणि मग जास्त भार असलेल्या जड केंद्रांची. पण मग सुपरनोव्हांनी प्रोटॉन तीन पेटापर्यंत नेलेच पाहिजेत, आणि तसं नेताना ते सापडत नाहीत. आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ वयस्क आहेत, त्यांची लाट थकलेली आहे. तरुण अवशेषांकडे पाहावं तर साडेतीनशे वर्षांच्या कॅसिओपिया-ए मध्ये मॅजिक दुर्बिणींना २०१७ मध्ये प्रोटॉनांची ऊर्जा पेटाच्या शंभराव्या भागापाशीच तुटलेली आढळली. स्फोटानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळात सुपरनोव्हा पेटापर्यंत जात असतील, असा युक्तिवाद केला जातो. तो शक्य आहे. पण तसा ताजा सुपरनोव्हा आकाशगंगेत समोर घडल्याशिवाय तपासता येत नाही, म्हणून मी त्याला पुरावा म्हणणार नाही.

दुसरीकडे, चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या ४४१० मीटर उंचीवरच्या ल्हासो वेधशाळेने २०२१ मध्ये आकाशगंगेतले बारा गॅमा-स्रोत जाहीर केले. त्यांतल्या एकाकडून, हंस तारकासमूहाच्या दिशेने, १.४ पेटाचा गॅमा किरण आला होता. म्युऑन तुरळक असलेले वर्षाव निवडण्याची जी रीत वर सांगितली, तिनेच हे सापडलं. म्हणजे पेटापलीकडे नेणारे प्रवेगक आकाशगंगेत आहेत यात आता शंका नाही. हंसच्या भागात प्रचंड, तरुण ताऱ्यांचा समूह आहे, आणि त्यांच्या एकत्रित वाऱ्यांचा संशय घेतला जातो. काही स्रोत पल्सारांजवळ आहेत, पण तिथले गॅमा प्रोटॉनांमुळे की इलेक्ट्रॉनांमुळे, हा वाद आहे. क्रॅब तेजोमेघाकडूनही पेटाचे गॅमा आले आणि तिथे इलेक्ट्रॉनांचा खुलासा बराचसा पुरतो. आणि २०२४ मध्ये ग्रेप्स-३ने दाखवलं, की प्रोटॉनांची संख्या एका सरळ दराने गुडघ्यापर्यंत घटत जात नाही, पेटाच्या सहाव्या भागापाशी ही घट मंदावते. एकाच प्रकारच्या प्रवेगकांकडून असं व्हायला नको. निदान दोन प्रकारचे पुरवठादार आहेत, असं वाचन मला यातून सर्वांत सरळ वाटतं.

गुडघ्याच्या फार पुढच्या टोकाला आकाशगंगेचा संबंध संपतो, हे मात्र कळलं आहे. तिथे शतकात चौरस किलोमीटरमागे एखादाच कण येतो, म्हणून डिटेक्टर मैलोन्‌मैल पसरावे लागतात. अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेत पाण्याच्या सोळाशेहून अधिक टाक्या दीड-दीड किलोमीटरवर तीन हजार चौरस किलोमीटरांत मांडल्या आहेत. २०१७ मध्ये त्यांनी आठ हजार पेटाच्या वरचे तीस हजारांहून जास्त कण पाहून दाखवलं, की ते आकाशाच्या एका बाजूने थोडे जास्त येतात आणि ती बाजू आकाशगंगेच्या केंद्राची नाही, त्याच्या बरीच विरुद्ध आहे. हे कण दुसऱ्या दीर्घिकांतून येतात. कोणत्या, ते ठाऊक नाही. २७ मे २०२१ रोजी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात २.४ लाख पेटाचा एक कण आला. या ऊर्जेला चुंबकीय क्षेत्र फारसं वाकवू शकत नाही, म्हणून दिशा काही सांगेल अशी आशा होती. मागे पाहिलं तर तिथे दीर्घिकांची जवळपास मोकळी पोकळी निघाली. तो कण जड अणुकेंद्र असेल तर जास्त वाकला असेल आणि कोडं सैल होतं, पण त्याची जात ठरवता आलेली नाही.

तेव्हा आज प्रामाणिकपणे सांगायचं तर असं: पेटाच्या शंभराव्या भागापर्यंतचे विश्वकिरण मुख्यतः सुपरनोव्हांचे. तिथून गुडघ्यापर्यंत सुपरनोव्हांचा दावा सिद्ध नाही आणि प्रचंड ताऱ्यांच्या समूहांचा दावा वाढतो आहे. हजारो पेटांच्या वर दुसऱ्या दीर्घिका. शेवटच्या दोन्ही ठिकाणी अडतं ते एकाच गोष्टीवर, प्रत्येक वर्षावातले म्युऑन वेगळे मोजण्यावर. पिएर ओझे वेधशाळेत पाण्याच्या टाक्यांवर सिंटिलेटरचे पत्रे बसवले आहेत, ते यासाठीच.